गाडी मागे वळते तेव्हा

घराच्या व्हरांड्यात खेळण्यातली एक गाडी सरळ रेषेत धावते आहे. t सेकंदांनी तिचा वेग v = t² − 4t + 3 मीटर प्रति सेकंद असतो. पहिल्या 4 सेकंदांत तिची चाकं एकूण किती अंतर फिरली?

बारावीतली मुलं इथे थेट इंटिग्रेशनला हात घालतात. F(t) = t³/3 − 2t² + 3t. त्यात 4 घातले की 4/3 येतात, 0 घातला की 0. म्हणजे उत्तर 4/3 मीटर. आकडेमोड बिनचूक, पण उत्तर चूक, कारण गाडी मध्येच मागे आली होती हे या हिशेबात दिसतच नाही.

v = (t − 1)(t − 3) असे अवयव पाडले की सगळा प्रकार उघड होतो. पहिला सेकंद वेग धन आहे. 1 ते 3 सेकंदांत तो ऋण आहे, म्हणजे गाडी उलटी चालली आहे. खात्री करायची तर मधला t = 2 घालून पाहा: 4 − 8 + 3 = −1. तिसऱ्या सेकंदानंतर गाडी पुन्हा पुढे निघते. नुसत्या v चं इंटिग्रेशन मागे गेलेलं अंतर पुढच्यातून वजा करतं. चाकांना असली वजाबाकी ठाऊक नसते. त्यांचं अंतर हवं असेल तर v चं केवलमूल्य, वर्गातल्या भाषेत ‘मॉड’, घ्यावं लागतं.

आता मॉडचं इंटिग्रेशन थेट करायचं सूत्र शोधत बसू नये. जिथे चिन्ह बदलतं तिथे, म्हणजे 1 आणि 3 वर, तुकडे पाडायचे. F(0) = 0, F(1) = 4/3, F(3) = 0, F(4) = 4/3. पहिला तुकडा 4/3. दुसरा 0 − 4/3 = −4/3, पण तिथे मॉड म्हणजे −v, म्हणून +4/3. तिसरा 4/3. एकूण 4 मीटर. F(3) = 0 म्हणजे गाडी तिसऱ्या सेकंदाला निघाली तिथेच परत आली होती!

सगळ्यात शेवटी आलेल्या 4/3 ला मॉड लावून काही साधत नाही, कारण वजाबाकी तोवर होऊन गेलेली असते. मॉड लावायचा तो प्रत्येक तुकड्याला. आणि तुकडे पाडायचे ते दिलेल्या मर्यादांच्या आतल्याच बिंदूंवर. प्रश्न 3 ते 4 सेकंदांचा असता, तर काहीच तोडावं लागलं नसतं. वेगवेगळ्या भागांत वेगळी सूत्रं असलेल्या फलनाचंही असंच: सूत्र जिथे बदलतं तिथे तोडायचं, ज्या तुकड्यात जे सूत्र, तेच वापरायचं.

खरा दगा देतो तो लपलेला मॉड. √(x² − 2x + 1) चं 0 ते 2 इंटिग्रेशन घ्या. मुळाखाली (x − 1)² दिसला की बरेचजण x − 1 लिहून मोकळे होतात आणि उत्तर शून्य काढतात. पण वर्गमूळ कधी ऋण नसतं. इथे ते x = 1 सोडून सगळीकडे शून्याच्या वर आहे, मग त्याखालचं क्षेत्रफळ शून्य कसं? मुळातून बाहेर येतो तो |x − 1|. 1 वर तोडलं की अर्ध्या-अर्ध्या क्षेत्रफळाचे दोन त्रिकोण मिळतात, उत्तर 1.