जस्त, चांदी आणि मधला पूल

Zn + 2Ag⁺ → Zn²⁺ + 2Ag. सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात जस्ताची पट्टी बुडवली की ही अभिक्रिया लगेच सुरू होते आणि पट्टीवर चांदीचा काळपट थर चढतो. वीज मात्र हाती लागत नाही, कारण इलेक्ट्रॉन जागच्या जागीच जस्ताकडून चांदीच्या आयनांकडे जातात. त्यांना तारेतून फिरवायचं, तर दोन भांडी वेगळी हवीत.

एका भांड्यात झिंक नायट्रेटमध्ये जस्ताची पट्टी, दुसऱ्यात सिल्व्हर नायट्रेटमध्ये चांदीची. जस्त इलेक्ट्रॉन सोडून विरघळतं, म्हणून ते अ‍ॅनोड. इलेक्ट्रॉन तिथूनच तारेत शिरतात, म्हणून त्याची खूण ऋण. चांदी कॅथोड, खूण धन. विद्युत अपघटनात अ‍ॅनोड धन असतो. विद्यार्थी गोंधळतात ते इथेच.

हे सगळं एका ओळीत मावतं:

Zn | Zn²⁺ || Ag⁺ | Ag

डावीकडे अ‍ॅनोड, उजवीकडे कॅथोड. एकेरी रेघ म्हणजे धातू आणि द्रावण यांची सीमा, दुहेरी म्हणजे क्षारसेतू. अभिक्रियेतला 2 इथे लिहीत नाहीत.

सेतू नसेल तर जस्ताकडे धनप्रभार साचतो, चांदीकडे ऋण, आणि प्रवाह जवळजवळ लगेच थांबतो. सेतूतले नायट्रेट आयन जस्ताकडे, पोटॅशियम आयन चांदीकडे सरकून तोल राखतात. त्यात नेहमीचं पोटॅशियम क्लोराइड भरलं, तर चांदीच्या भांड्यात सिल्व्हर क्लोराइडचा पांढरा साका बसतो. म्हणून पोटॅशियम नायट्रेटच हवं.

प्रमाण स्थितीत व्होल्टमीटर सुमारे 1.56 व्होल्ट दाखवतो. आकड्यापुढे उणे चिन्ह दिसलं, तर तारा उलट जोडल्या आहेत.