मुलाखतीनंतरचा पत्रव्यवहार : सही, फाईलचे नाव आणि ‘रिप्लाय ऑल’

विद्यापीठातील एखाद्या जागेसाठी मुलाखत झाल्यानंतर उमेदवार जो ई-मेल पाठवितो, त्याचा मजकूर बहुधा चार-पाच वाक्यांचाच असतो. तो वाचण्यास अर्धे मिनिट पुरते. पुढचा प्रवास मात्र लांबचा असतो. आस्थापना शाखेतील लिपिक सोबतच्या फाईली उतरवून घेतो, इतर उमेदवारांच्या फाईलींबरोबर ठेवतो आणि मूळ पत्र विभागप्रमुखांकडे धाडतो. पत्र आणि सहपत्रे यांची अशी पहिल्याच दिवशी ताटातूट होते. सही व फाईलचे नाव यांविषयीचे संकेत या वस्तुस्थितीतून निघाले आहेत; ते केवळ नीटनेटकेपणाच्या हौसेचे नव्हेत.

उदाहरणादाखल एका संशोधन प्रकल्पातील साहाय्यकाची जागा घ्यावी. जाहिरात क्रमांक ०७/२०२५ असा आहे, आणि मुलाखतीनंतर कार्यालयाने एम. ए. चे गुणपत्रक, नेटचे प्रमाणपत्र व अनुभवाचा दाखला ई-मेलने मागविला आहे, असे समजू. उमेदवाराच्या स्वतःच्या संगणकावर `marksheet.pdf` हे नाव पुरेसे असते, कारण तेथे गुणपत्रक एकट्याचेच असते. कार्यालयात त्याच नावाच्या दहा फाईली आल्या म्हणजे ब्राउझर त्यांना `marksheet (1).pdf`, `marksheet (2).pdf` असे अंक जोडीत जातो आणि कोणते गुणपत्रक कोणाचे, हे प्रत्येक फाईल उघडल्यावाचून कळत नाही. यास्तव नावातच जाहिरात, उमेदवार व कागद यांचा निर्देश असावा :

```
07-2025_Surname_Firstname_MA-Marksheet.pdf
```

जाहिरात क्रमांकातील तिरकी रेघ येथे हेतुपुरस्सर बदलली आहे. विंडोज प्रणाली फाईलच्या नावात ती स्वीकारीत नाही. आडनावाचे रोमन स्पेलिंग अर्जात जसे असेल तसेच हवे, कारण लिपिक शोध घेतो तो अर्जातील अक्षरांनी. देवनागरीत नाव देण्यास तत्त्वतः हरकत नाही. तथापि जुन्या प्रणालींत त्या अक्षरांच्या जागी कधी कधी निरर्थक चिन्हे उमटतात, आणि मराठी विभागाच्या उमेदवारालाही हा धोका टळत नाही. `CV_final_new2.docx` या नावाने तर उमेदवाराच्या आधीच्या खसड्यांचा इतिहासच वाचकापुढे येतो.

सहीचे काम थोडे वेगळे आहे. पत्र पुढे धाडले गेल्यावर ते कोणाचे व कोणत्या जागेसंबंधी, हे तिने सांगावयाचे असते. अर्जातील पूर्ण नाव, सध्याची पदवी वा पद, जाहिरात क्रमांकासह जागेचे नाव आणि +९१ सह भ्रमणध्वनी क्रमांक, एवढ्या चार ओळी पुरेत. सुभाषिते व रंगीत चित्रे वगळावीत. चित्ररूप सही पुष्कळदा `image001.png` या नावाने सहपत्रांत जाऊन बसते, आणि तीन कागद मागविलेल्या कार्यालयास चौथा कसला, असा प्रश्न पडतो. आणखी एक अडचण सहसा ध्यानात येत नाही. जीमेलमध्ये नव्या पत्राची सही व उत्तराची सही यांची निवड स्वतंत्र असते, आणि फोनवरील सही निराळीच ठरवावी लागते. पाठपुरावा बहुधा उत्तराच्या रूपानेच होत असल्याने नेमक्या त्याच पत्रावर सही नसते. फोन व संगणक या दोहोंवरून स्वतःलाच एकेक उत्तर धाडून पाहिले, की हे उघड होते.

आता ‘रिप्लाय ऑल’. या बाबतीत सरसकट निषेध करणे बरोबर नव्हे. कार्यालयाच्या पत्रात प्रत म्हणून विभागप्रमुख व प्रकल्पसंचालक यांचे पत्ते असतील, तर कागद पाठविताना सर्वांना उत्तर देणेच योग्य; नुसत्या ‘रिप्लाय’ने ते दोघे वगळले जातात. मात्र त्याच पत्रात निवड झालेल्या वीस उमेदवारांचे पत्ते कार्यालयाने उघड लिहिले असतील, तर तेच बटण आपले गुणपत्रक एकोणीस अनोळखी व्यक्तींच्या हाती देते. वेतन किंवा रुजू होण्याची मुदत यांविषयीची पृच्छा एकट्या लिपिकाकडेच जावी. म्हणून बटणापेक्षा पत्त्यांची ओळ पूर्ण उघडून वाचणे महत्त्वाचे.

पाठविलेले पत्र परत घेता येते, हा भरवसा फार थोड्या वेळापुरता आहे. जीमेलमध्ये ही मुदत पाच सेकंदांपासून जास्तीत जास्त तीस सेकंदांपर्यंत ठेवता येते. आउटलुकमधील परत बोलावण्याची सोय संस्थेबाहेर गेलेल्या पत्रास लागू पडत नाही. त्यापेक्षा उत्तर लिहू लागताच आपोआप भरलेले पत्ते पुसावेत, प्रथम फाईली जोडाव्यात, त्या एकदा उघडून पाहाव्यात, मग मजकूर लिहावा आणि पत्ते सर्वांत शेवटी भरावेत. विषयाची ओळ तेवढी बदलू नये. ती बदलली की जीमेल त्या उत्तराची वेगळीच मालिका सुरू करते आणि लिपिकाला आधीचे पत्र शोधत बसावे लागते.