‘एकवीस टक्के जास्त’ म्हणजे नक्की काय?

पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, देशभरातल्या लाखो स्त्रियांच्या बोटाला सुई टोचून थेंबभर रक्त घेतलं गेलं आणि जागच्या जागी, हातात मावणाऱ्या यंत्रावर हिमोग्लोबिन मोजलं गेलं. गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन डेसिलिटरला १२ ग्रॅमपेक्षा कमी भरलं, की तिची नोंद रक्तक्षयात होते. गरोदर बाईसाठी ही रेषा ११ वर आहे. मूळ मोजमाप ग्रॅममधलं असलं तरी विश्लेषणाच्या तक्त्यात शेवटी एकच उत्तर उरतं: रक्तक्षय आहे, किंवा नाही. १५ ते ४९ वयाच्या शहरी स्त्रियांपैकी ५३.८ टक्के ‘आहे’मध्ये गेल्या, ग्रामीण स्त्रियांपैकी ५८.५ टक्के.

या दोन आकड्यांतला फरक दोन तऱ्हांनी सांगता येतो. दोन्ही बरोबर आहेत. पण एक तऱ्हा दुसरीच्या जागी वाचली, तर अर्थाचा अनर्थ होतो.

पहिली तऱ्हा सरळ टक्क्यांची. ५८.५ ला ५३.८ ने भागलं की १.०९ येतात, म्हणजे गावाकडे रक्तक्षयाचं प्रमाण शहरापेक्षा सुमारे ९ टक्क्यांनी जास्त. दुसरी तऱ्हा ऑड्सची. ऑड्स म्हणजे ‘आहे’वाल्यांना ‘नाही’वाल्यांनी भागून येणारा आकडा. शहरात ५३.८ भागिले ४६.२, म्हणजे १.१६५. गावात ५८.५ भागिले ४१.५, म्हणजे १.४१०. यातल्या दुसऱ्याला पहिल्याने भागलं की १.२१ मिळतात. हा झाला ऑड्स रेशो. माणसं तीच आणि रक्तही तेच, पण एका हिशेबाने ९ टक्के जास्त आणि दुसऱ्याने २१ टक्के जास्त. १.२१ हा आकडा वाचून कुणी ‘ग्रामीण स्त्रियांत रक्तक्षयाची शक्यता २१ टक्क्यांनी जास्त’ असं लिहिलं, तर ते चूक आहे. वाढले ते ऑड्स. शक्यता तेवढी वाढलेली नाही.

मग हे ऑड्स हवेतच कशाला? टक्क्यांना वर आणि खाली भिंती आहेत, हे त्याचं कारण. गाव, गरिबी, वय, शिक्षण अशा एकेका गोष्टीपोटी काही टक्के मिळवत गेलो, तर एखाद्या बाईची शक्यता १०० टक्क्यांच्या वर किंवा शून्याच्या खाली जाऊ शकते, आणि तिथे हिशेबच निरर्थक होतो. ऑड्सना वरची भिंत नसते आणि ऑड्सचा लॉगॅरिदम घेतला की खालचीही उरत नाही. लॉजिस्टिक रिग्रेशन करतं ते एवढंच: बेरीज-वजाबाकी त्या लॉगच्या पट्टीवर करतं आणि उत्तर पुन्हा शक्यतेत आणून देतं. आपल्याच उदाहरणात पाहा. शहराचा लॉग ०.१५३ येतो आणि ‘गावात राहते’ यापोटी त्यात ०.१९१ मिळतात. बेरीज ०.३४४. ती उलटी फिरवली की पुन्हा ५८.५ टक्के हातात येतात. आणि ०.१९१ हा एकटा आकडा लॉगमधून बाहेर काढला की आपला १.२१. संगणकाच्या तक्त्यात ऑड्स रेशोचा रकाना येतो तो असा.

अर्थात गाव आणि शहर एवढंच पाहायचं असतं, तर साध्या भागाकाराने भागलं असतं. या पद्धतीचा खरा उपयोग अनेक गोष्टी एकत्र घेतल्यावर होतो. ग्रामीण घरांत गरिबी जास्त, शिक्षण कमी; मग १.२१ मधला वाटा गावाचा किती आणि गरिबीचा किती? या सर्वेक्षणात घरातल्या वस्तू आणि सोयी मोजून कुटुंबांचे पाच आर्थिक गट पाडलेले असतात. तो गट, वय, शिक्षण, गरोदरपण हे सगळं समीकरणात घातलं की गावाचा ऑड्स रेशो बदलतो, आणि त्याचा अर्थही बदलतो. आता तुलना होते ती त्याच वयाच्या, तेवढ्याच शिकलेल्या, त्याच आर्थिक गटातल्या दोन स्त्रियांची, ज्यांतली एक गावात राहते आणि एक शहरात. हा नवा आकडा १ च्या जवळ सरकला, तर फरकाचा बराचसा भाग गरिबीतून येत होता असं मानायला जागा असते.

पण समीकरणात काय घालायचं, हे विचारपूर्वक ठरवावं लागतं. गावात राहिल्याने आहार बदलत असेल आणि आहारामुळे रक्तक्षय होत असेल, तर आहारही समीकरणात घातल्यावर गावाच्या परिणामाचा तो रस्ता आपणच बुजवतो आणि मग ‘गावाचा संबंध नाही’ असं म्हणून मोकळे होतो. तक्ता वाचताना मी प्रथम हेच पाहतो: आकडा कशाकशाचा हिशेब करून काढला आहे आणि तुलना कोणत्या गटाशी आहे. सर्वांत गरीब गटाशी तुलना केली की श्रीमंतांचा आकडा १ च्या खाली दिसेल. उलटी तुलना केली की गरिबांचा १ च्या वर. वस्तुस्थिती तीच राहते.

ऑड्स रेशोशेजारी एक पल्लाही दिलेला असतो. त्या पल्ल्यात १ येत असेल, तर फरक आहे असं ठामपणे म्हणता येत नाही. सर्वेक्षणात मात्र एक खाचखळगा आहे. या पाहणीत एकेका गावातून किंवा शहरातल्या जनगणना गटातून साधारण २२ घरं निवडली जातात, आणि एकाच गावातल्या बायकांचं पाणी, पीक, दवाखाना बहुतेक सारखंच असतं. त्या सगळ्या एकमेकींपासून स्वतंत्र आहेत असं धरून गणित केलं, तर पल्ला खोटा अरुंद येतो आणि नसलेली खात्री दिसू लागते.

आजार विरळ असेल, तर ऑड्स आणि टक्के यांचा घोळ फारसा बाधत नाही. एका गटात १ टक्का आणि दुसऱ्यात २ टक्के असतील, तर ऑड्स रेशो २.०२ येतो, म्हणजे जवळजवळ दुप्पटच. रक्तक्षयासारखी गोष्ट निम्म्याहून अधिक जणींना असते, तेव्हा मात्र दोन्ही वाटा फाकतात. अशा वेळी समीकरणाकडूनच टक्के काढून घ्यावेत: सर्व स्त्रिया ग्रामीण आहेत असं धरून सरासरी शक्यता काढायची, मग त्याच सर्व स्त्रिया शहरी धरून, आणि ते दोन आकडे शेजारी ठेवायचे.

हे न केल्याने काय होतं, ते अमेरिकेत १९९९ मध्ये दिसलं. ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये ७२० डॉक्टरांच्या पाहणीवरचा लेख आला. छातीत दुखण्याची तक्रार सांगणाऱ्या रुग्णांच्या चित्रफिती डॉक्टरांना दाखवल्या होत्या. रुग्ण म्हणजे ठरलेले संवाद बोलणारे नट होते. हृदयाची कॅथेटर तपासणी सुचवाल का, हा प्रश्न होता. कृष्णवर्णीयांसाठी ऑड्स रेशो ०.६ आला, स्त्रियांसाठीही ०.६. ‘शक्यता ४० टक्क्यांनी कमी’ अशा बातम्या झळकल्या. प्रत्यक्षात गोऱ्यांपैकी ९०.६ टक्क्यांना तपासणी सुचवली गेली होती आणि कृष्णवर्णीयांपैकी ८४.७ टक्क्यांना. म्हणजे शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी कमी.

त्याच वर्षी लिसा श्वार्ट्झ, स्टीव्हन वोलोशिन आणि गिल्बर्ट वेल्श यांनी त्याच नियतकालिकात ही चूक उलगडून दाखवली. त्यांनी चारही गटांचे टक्के वेगवेगळे मांडले. गोरे पुरुष, कृष्णवर्णीय पुरुष आणि गोऱ्या स्त्रिया या तिन्ही गटांत आकडा एकच होता, ९०.६. कृष्णवर्णीय स्त्रियांचा ७८.८ होता. अन्याय झाला होता तो त्यांच्या बाबतीत, आणि ०.६ या एका आकड्याने तो सगळ्या कृष्णवर्णीयांवर आणि सगळ्या स्त्रियांवर सारखा पसरवला होता.