क्रिएटिन रात्री घेतलं तर झोप उडते?

क्रिएटिनमुळे झोप उडते ही शंका अगदीच हवेतली नाही. पेशी ऊर्जा खर्च करतात तसं मेंदूत अडेनोसिन साचतं आणि पेंग येते. क्रिएटिन ती ऊर्जा चटकन भरून काढतं, म्हणजे अडेनोसिन कमी साचावं. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात चार आठवडे क्रिएटिन दिलेले उंदीर खरोखरच कमी झोपले.

पण उंदीर म्हणजे माणूस नव्हे. २०२४ मध्ये काही तरुणींना सहा आठवडे रोज ५ ग्रॅम क्रिएटिन दिलं, तर व्यायामाच्या दिवशी त्यांची झोप उलट वाढली. अभ्यास लहानच, आणि सकाळी घ्यावं की रात्री, याचं उत्तर त्यातून मिळत नाही. तसंही रोजच्या ३ ते ५ ग्रॅमने स्नायूंतला साठा भरायला तीन-चार आठवडे लागतात; एका संध्याकाळच्या चमच्याने फारसं बिघडत नाही.

खरा चोर बहुधा दुसराच. संध्याकाळी सातला घेतलेल्या ‘प्री-वर्कआउट’मध्ये २०० मिलिग्रॅम कॅफिन असेल, तर मध्यरात्री त्यातलं साधारण निम्मं अंगात असतं. आधी डब्यावरचं लेबल वाचा. नुसतं क्रिएटिन असूनही झोप लागत नसेल, तर दोन आठवडे ते सकाळी घेऊन बघा.