उत्तर माहीत नसताना चूक मोजायची कशी?

साइनची व्याख्या त्रिकोणावरून किंवा वर्तुळावरून येते. तिच्यात बेरीज-गुणाकाराची कृती कुठेच नसते. तरीही कोन लहान असेल तर नुसत्या आकडेमोडीने त्याची साइन काढता येते. कोन रेडियनमध्ये मोजून त्याला x म्हणायचं आणि ही पाचव्या घाताची बहुपदी वापरायची:

sin x ≈ x − x³/6 + x⁵/120

खरी मालिका इथे संपत नाही. पुढे x⁷/5040 वजा होतं, मग x⁹/362880 मिळवलं जातं आणि हे असंच चालू राहतं. केरळच्या गणितग्रंथांत ही मालिका चौदाव्या शतकातल्या माधवाच्या नावावर आहे, आणि सोळाव्या शतकातल्या ‘युक्तिभाषा’त तिची उपपत्तीही सापडते.

आता x = ०.५ घेऊ, म्हणजे साधारण साडेअठ्ठावीस अंश. पहिलं पद ०.५, दुसरं ०.०२०८३३३ आणि तिसरं ०.०००२६०४. दुसरं वजा करून तिसरं मिळवलं की ०.४७९४२७१ येतात. पण यातले किती आकडे विश्वासाचे?

सोडून दिलेल्या पदांकडे पाहिलं की हे कळतं. त्यांची चिन्हं आलटून पालटून येतात आणि प्रत्येक पद आधीच्यापेक्षा लहान असतं. पहिलं सोडलेलं पद जेवढं वजा करतं, त्यातला थोडाच भाग पुढची पदं परत देतात. म्हणून एकूण चूक त्या पहिल्या पदाहून मोठी होऊ शकत नाही. ०.५ चा सातवा घात भागिले ५०४० म्हणजे सुमारे ०.०००००१५५. हे पद वजा व्हायचं होतं, म्हणून आपलं उत्तर किंचित जास्त आलं आहे, हेही कळतं. खरी किंमत ०.४७९४२५५३ आणि ०.४७९४२७०९ यांच्या मध्येच असली पाहिजे. ती आहे ०.४७९४२५५४.

ऋण कोनाला साइनचं फक्त चिन्ह बदलतं. त्यामुळे −०.५ ते ०.५ या संपूर्ण अंतरालात चूक याहून जास्त होत नाही. अंतराल निम्मा केला तर चुकीची मर्यादा १२८ पट घटते, कारण २ चा सातवा घात १२८ आहे.

रेडियनऐवजी ३० अंश तसेच घातले तर उत्तर १,९८,०३० येतं. साइन कधीच एकाच्या वर जात नाही, त्यामुळे ही चूक लगेच पकडली जाते. पण x = २ घातल्यावर ०.९३३३ येतं आणि ते खरं वाटतं. खरी किंमत मात्र ०.९०९३ आहे. इथे १२८ भागिले ५०४०, म्हणजे ०.०२५४ ही मर्यादाच सांगते की दुसऱ्या दशांशावरही भरवसा नको. अशा वेळी २ ऐवजी π − २, म्हणजे सुमारे १.१४१६ घ्यावं. दोघांची साइन एकच असते, पण चुकीची मर्यादा ०.०००५ पर्यंत खाली येते.