वापरता येईल अशा चित्राची किंमत

लोणच्याच्या बरणीच्या लेबलासाठी एआयकडून चित्र हवे आहे: डावीकडे तीन कैऱ्या, उजवीकडे मजकुरासाठी मोकळी जागा. समजा, पहिले साधन प्रतिचित्र २ रुपये घेते, पण सूचना नीट पाळलेले चित्र विसांत एकच मिळते. दुसरे ८ रुपये घेते आणि तिनांत एक जमवते. वापरण्याजोगे चित्र पहिल्याकडे ४० रुपयांना पडले, दुसऱ्याकडे २४ रुपयांना. प्रत्येक चित्र तपासायला अर्धा मिनिट आणि डिझायनरचा तास ३०० रुपयांचा धरला, तर हेच आकडे ९० आणि साडेएकतीस होतात.

आता छपाई. १०२४ पिक्सेल रुंदीचे चित्र इंचाला ३०० पिक्सेलने छापले, तर जेमतेम पावणेनऊ सेंटिमीटर भरते. लेबलाला ते पुरेल, ए-फोर पोस्टरला नाही. सॉफ्टवेअरने मोठे केल्यास नवे तपशील अंदाजाने भरले जातात. म्हणून कडा आणि अक्षरे पूर्ण आकारात तपासावीत.

परवाना मात्र सर्वांत आधी वाचावा. ‘फ्लक्स.१ श्नेल’चा अपाचे २.० परवाना व्यावसायिक वापराला मुभा देतो, तर ‘स्टेबल डिफ्यूजन ३.५’चा सामुदायिक परवाना वार्षिक उत्पन्न १० लाख डॉलरच्या आत असेपर्यंतच मोफत आहे. परवान्यात न बसणारे साधन तुलनेतूनच वगळावे.