माणसं किती, विषय कोणते, पैसे किती?

‘आम्हाला पॉश ट्रेनिंग घ्यायचंय, दर कळवा.’ प्रशिक्षण संस्थांना असे एका ओळीचे मेल सर्रास जातात. हाच मेल तीन संस्थांना पाठवला, तर एकीचा दर माणशी येतो, दुसरीचा दिवसाचा, तिसरीचा तासाचा. मग तुलना करायची कशी?

समजा, चाकणच्या एका कारखान्यात लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्याची कार्यशाळा घ्यायची आहे. 2013च्या या कायद्यानुसार दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती लागते आणि कर्मचाऱ्यांसाठी ठरावीक काळाने कार्यशाळा घेणं ही मालकाची जबाबदारी असते. इथे 50 कामगार आणि समितीचे 6 सदस्य आहेत. पण ‘एकूण 56 जण’ एवढंच लिहिलं, तर संस्था सगळ्यांना एकाच हॉलमध्ये बसवायचा हिशेब करेल. पाळ्या सांभाळायच्या, तर कामगारांच्या 25-25च्या दोन बॅच कराव्या लागतील, आणि त्याही मराठीतून. प्रशिक्षक बहुधा दिवसाची फी घेतात. सकाळी समितीचे तीन तास, दुपारी पाळी सुटण्याआधी दीड तास आणि दुसरी पाळी सुरू होताना दीड तास, असं वेळापत्रक दिलं, तर सगळं एका दिवसात बसतं. तिसरी बॅच वाढवली, की बहुतेक वेळा दुसऱ्या दिवसाची फी द्यावी लागते.

विषयही दोन्ही गटांचे वेगळे. छळ कशाला म्हणायचं आणि तक्रार कुणाकडे, किती दिवसांत करायची, हे कामगारांना कळायला हवं. समितीला 90 दिवसांत चौकशी पूर्ण करायची असते. त्यामुळे जबाब नोंदवणं, गोपनीयता पाळणं आणि अहवाल लिहिणं यांचा सराव तिला हवा. मेलमध्ये हे लिहिलं नाही, तर दोघांनाही तीच स्लाइड दाखवली जाते.

बजेट सांगितलं, की संस्था तेवढाच आकडा लावेल, या भीतीने ते लपवलं जातं. त्यापेक्षा मर्यादा नेमकी सांगावी: ‘जीएसटी, प्रवास आणि छापील साहित्य धरून 60 हजारांपेक्षा जास्त नको, प्रत्येक खर्च वेगळा दाखवा.’ ‘सगळं धरून’ हे शब्द राहिले, तर 52 हजारांचं कोटेशन स्वस्त वाटतं. त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 9,360 रुपये चढले, की आकडा 61,360 होतो. खर्च वेगळे दिसले, की घासाघीस कुठे करायची तेही कळतं: छापील पुस्तिका वगळता येतात, प्रशिक्षकाचा अनुभव वगळता येत नाही.

म्हणूनच मेलच्या शेवटी आणखी एक ओळ असावी: ‘प्रत्यक्ष शिकवायला कोण येणार, त्यांचं नाव आणि अनुभव कोटेशनमध्येच द्या.’ बोलणी करायला संस्थेचा अनुभवी माणूस येतो आणि कार्यशाळेला नवखा पाठवला जातो, ही तक्रार नेहमीची आहे. नाव कागदावर असलं, तर बदल करण्याआधी संस्थेला तुम्हाला विचारावं लागतं.